क्लेम नाकारल्याचं पत्र: आधी कारण आणि कलम वेगळं करा

«वाशीत सासऱ्यांना तापाने ॲडमिट केलं होतं. क्लेम नाकारल्याचं तीन पानी पत्र आलंय. त्यातलं नेमकं काय बघायचं?»

ताई, पहिलं पान बहुतेक सोडून द्या, ते शिष्टाचाराचं असतं. 'repudiated' किंवा 'not admissible' जिथे आहे, तिथलं वाक्य मराठीत एका ओळीत लिहा. तापाच्या केसमध्ये ते बहुधा असं निघतं: 'भरती फक्त तपासण्यांसाठी होती, ओपीडीत भागलं असतं.' हे कारण.

कलम शेजारीच असतं, अशा वेळी सहसा Excl04, म्हणजे कोणता खर्च मिळणार नाही हे सांगणाऱ्या कलमांपैकी एक. आता पॉलिसीत ते शब्दशः वाचा. भरती 'मुख्यतः' तपासणी आणि निदानासाठीच असेल तरच ते लागू होतं. सासऱ्यांना सलाईन, शिरेतून औषधं दिली असतील तर झालेले उपचार आणि कलम जुळत नाही, आणि तुमचं अपील तिथेच उभं राहतं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'ताप, निरीक्षणासाठी' असेल तर डॉक्टरांकडून भरतीची गरज का पडली याचं पत्र घ्या. सोबत इनडोअर केसपेपरच्या प्रती हव्यातच, रोजचे उपचार त्यातच दिसतात.

हे सगळं आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच ठेवा. फोनवरच्या बोलण्याला काही किंमत नाही. तिथून नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर विमा लोकपालाकडे जा, तो कंपनीबाहेरचा, विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. नवी मुंबईसाठी ठाण्यातलं कार्यालय आहे. फी नाही, वकील नको, पण नकारानंतर वर्षाच्या आत जा.