मदत हवी आहे: साहेब मेल उघडतील असा विषय कसा लिहू?

मी रत्नागिरीत आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये डिस्पॅच बघते. गाडीभाड्याची मंजुरी वाशीच्या ऑफिसातले साहेब देतात. सीझनमध्ये ते दिवसभर मार्केटात असतात आणि मेल फोनवरच बघतात. फोनवर विषयाचे सुरुवातीचे पाच-सहा शब्दच दिसतात, पुढचं कापलं जातं.

आमच्याकडे पद्धत अशी: जुन्याच मेलला रिप्लाय करायचा. त्यामुळे विषय राहतो ‘Re: Re: Fwd: गाडीबाबत’. आत मात्र लिहिलेलं असतं की ट्रान्सपोर्टरचा रेट संध्याकाळी चारपर्यंतच आहे. तो मेल माहितीसाठी आलाय असं समजून बाजूला पडतो आणि इथे पेट्या भरून तयार!

आता मी असा विषय केलाय: ‘मंजुरी हवी, आज ४ पर्यंत: रीफर गाडी ₹३८,०००’. काय करायचं आणि कधीपर्यंत हे आधी, म्हणजे शेवट कापला तरी काम कळतं. ‘अर्जंट’ मुद्दाम टाळलाय, कारण मे महिन्यात सगळेच तो शब्द लावतात.

अडतंय ते इथे. जीमेलमध्ये विषय बदलला की नवीन थ्रेड सुरू होतो आणि आधीची कोटेशनं जुन्या थ्रेडमध्येच राहतात. नव्या मेलमध्ये तिन्ही रेट पुन्हा लिहावेत, की जुना मेल खाली चिकटवावा? आणि रक्कम विषयात असावी का? मला वाटतं असावी, आकडा दिसला तर ते मेल न उघडताही ठरवू शकतील. अकाउंट्सच्या ताईंना ते पटत नाही. तुमच्याकडे कसं करतात?