सौदाद इंग्लिशमध्ये कसं आणायचं?

> पोर्तुगीजमधल्या सौदादला इंग्लिशमध्ये शब्दच नाही म्हणतात, मग भाषांतर करणारे लिहितात तरी काय?

एकच शब्द सगळीकडे चिकटवायला गेलं की फसतं, वाक्य बघून ठरवावं लागतं. सौदाद म्हणजे जवळ नसलेल्याची ओढ लावणारी आठवण, आणि पोर्तुगीजमध्ये ते नाम आहे, म्हणजे ती तुमच्याजवळ 'असते', माणसाची, गावाची, अगदी आईच्या हातच्या जेवणाचीसुद्धा. रोजच्या बोलण्यात "मला तुझी सौदाद आहे" याला इंग्लिशमध्ये सरळ 'आय मिस यू' चालतं, उगाच 'लाँगिंग' वगैरे घातलं तर साधा फोनवरचा माणूस कवी वाटायला लागतो.

खरी गंमत पुढे आहे. पोर्तुगीज लोक सौदाद 'मारतात', म्हणजे खूप दिवसांनी भेटून ती भागवतात. "सौदाद मारायला आलो" हे इंग्लिशमध्ये शब्दशः भयंकर होईल, तिथे "खूप दिवस झाले होते, भेटावंसं वाटलं म्हणून आलो" अशा अर्थाचं अख्खं वाक्य लिहावं लागतं. आणि गेलेल्या माणसाबद्दल "तो सौदाद ठेवून गेला" म्हणतात, तिथे मात्र 'सोअरली मिस्ड' बऱ्यापैकी जमतं.

'नॉस्टॅल्जिया' मला सगळ्यात कमी पटतो, कारण तो मागे सरलेल्या काळाचा, आणि सौदाद उद्या विमानतळावर भेटणाऱ्या माणसाचीही असते :) फादो या पोर्तुगालच्या उदास गाण्यांत ती नुसती दुखत नाही, थोडी हवीहवीशीही असते, तिथे भाषांतरकार बरेचदा मूळ शब्दच ठेवतात आणि मला तेच बरोबर वाटतं. मराठीत आपली हुरहूर जवळ जाते, पण हुरहूर कारणाशिवायही लागते, सौदादला बहुतेक वेळा कुणीतरी किंवा काहीतरी लागतंच, म्हणून बोलताना 'तुझी फार आठवण येते' हेच जास्त नेमकं.