पॉइंट की तास? साहेबांना नेमका कोणता आकडा दाखवायचा?

हिशेबी_माणूस
मी मूळचा अकाउंट्सचा. सध्या सोलापुरातल्या एका सॉफ्टवेअर ऑफिसचं कामकाज बघतो. चौघांची टीम, दहा कामाच्या दिवसांचा स्प्रिंट. सातव्या दिवशी रिपोर्ट आला: २४० पैकी १६८ तास खर्ची, ३४ पैकी १३ पॉइंट पूर्ण. एकीकडे ७० टक्के, दुसरीकडे ३८. काम एकच आणि आकडे दोन? पॉइंट म्हणजे कुठलं काम किती मोठं याचा पोरांनीच लावलेला अंदाज; मला तर ती त्यांनी शोधलेली पळवाट वाटते. २४० भागिले ३४, एका पॉइंटला सात तास असा भाव बांधून टाका, विषय संपला.

जुळे_सोलापूरकर
पळवाट वाचलं आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसलो.

मालक, १६८ हा झालेला खर्च आहे आणि १३ हा हातात आलेला माल. खर्चाची टक्केवारी मालाच्या टक्केवारीशी जुळत नाही म्हणून ओरड अकाउंट्सवाल्यानं तरी करू नये.

तुमचा बोर्ड मी पाहिलेला नाही, पण ३४ पॉइंट असे असतील असं धरू: ३, ५ आणि ५ च्या स्टोऱ्या, म्हणजे कामाचे तुकडे, पूर्ण, ८ ची टेस्टिंगला, १३ ची अजून कोडमध्ये. आता १६८ तास वाटा. पूर्ण झालेल्या तिघींना ७०, आठवालीला ४२, तेरावालीला २६, आणि उरलेले ३० लाइव्हवरच्या बगांत आणि क्लायंटच्या फोनांत. त्या ३० तासांना पॉइंटच नाहीत. आठवालीवर ४२ तास जाऊनही तिचे पॉइंट शून्य, कारण जिरा या टूलच्या बर्नडाउनमध्ये, म्हणजे उरलेल्या कामाच्या आलेखात, स्टोरी शेवटच्या रकान्यात गेल्याशिवाय तिचा एकही पॉइंट सुटत नाही. उद्या टेस्टिंगनं तिला पास केलं की चार तासांच्या कामावर १३ चे २१ होतील. तेव्हा तुम्ही म्हणाल, पोरं अचानक कशी पळायला लागली?

आणि तुमचा सातचा भाव बघा. १६८ भागिले १३ केलं तर पॉइंटला जवळपास तेरा तास. फक्त पूर्ण स्टोऱ्यांचे ७० धरले तर साडेपाचच्याही आत. टीम तीच, दिवस तेच. सांगा, कोणता भाव बांधू?

लूमवाला
जुळेकर बरोबर आहेत, तास फेकून द्या. आमच्या घरी पॉवरलूम होते. कामगाराला टॉवेलच्या नगावर मजुरी, तो किती वेळ उभा होता हे कोण मोजतंय? तसंच पॉइंट मोजायचे आणि दर स्प्रिंटला दहा टक्के वाढवून मागायचे. आपोआप लाइनीवर येतात.

जुळे_सोलापूरकर
अर्धं बरोबर बोललास आणि उरलेल्या अर्ध्यात टीम बुडवलीस बे. तुझा शंभरावा टॉवेल पहिल्यासारखाच असतो. इथं प्रत्येक स्टोरी पहिल्यांदाच विणायची असते. दहा टक्के जास्त मागितलेस की पोरं काल ३ म्हणाली त्याला आज ५ म्हणतील. पॉइंट वाढतील, काम तेवढंच राहील, आणि तुला कळणारही नाही, कारण पॉइंट मोजायचा गज त्यांच्याच हातात.

आठ_आठ_आठ
तुम्ही तासांवर एवढा हिशेब मांडताय, पण ते तास येतात कुठून ते तरी विचारा. आमचा क्लायंट पुण्याचा, बिल तासावर. शुक्रवारी साडेसहाला सगळे टाइमशीट उघडून बसतात. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवारी दुपारभर लाईट नव्हती तरी आठ. कमी भरलं तर एचआरचा मेल, जास्त भरलं तर क्लायंटचा. एकदा मी खरं भरलं, एका दिवसाचे साडेपाच. भर मीटिंगमध्ये बाकीचे अडीच तास कुठं गेले म्हणून विचारलं. सगळ्यांसमोर! त्यानंतर आठच.

हिशेबी_माणूस
म्हणजे खोटं भरता. आणि वर अभिमानानं सांगता.

आठ_आठ_आठ
अभिमान कसला? खरं भरलं तर अपमान, खोटं भरलं तर पगार. तुम्ही असता तर काय भरलं असतं?

लूमवाला
मी बायोमेट्रिक लावलं असतं.

आठ_आठ_आठ
लाव की बे! बोट ठेवलं म्हणजे कोड होतो का? गड्ड्याच्या यात्रेत अर्धी टीम मनानं मैदानावर असते, बोटं मात्र ऑफिसात.

टेस्टिंगवाली
भांडण थांबलं असेल तर साधा गुणाकार करा. चार माणसं, सात दिवस, रोजचे सहा तास. १६८. तास-मिनिटं मोजून केलेली नोंद इतकी गोल येत नाही. हिशेबीदादा, तुमचे ७० टक्के म्हणजे दहापैकी सात दिवस गेले एवढंच. ते भिंतीवरच्या कॅलेंडरनंही सांगितलं असतं.

जुळे_सोलापूरकर
हे मात्र माझ्या नजरेतून सुटलं. म्हणजे माझी ७०-४२-२६-३० ची वाटणीही हवेतच गेली म्हणायची. बरं, ताई, जिंकलात. तरी अशी वाटणी खरी मिळाली तर मुद्दा तोच राहतो.

हिशेबी_माणूस
वा. म्हणजे तास खोटे आणि पॉइंट अगम्य. मी वर मालकांना काय दाखवू, पंचांग?

निवांत
हे दुखणं जुनंच आहे. क्रायस्लरच्या पगाराच्या प्रोजेक्टवर, नव्वदच्या दशकात, रॉन जेफ्रीज वगैरे मंडळी आधी दिवसांतच अंदाज द्यायची. पण ते दिवस कसे, तर कुणी मध्ये त्रास न देता बसू दिलं तर लागतील तेवढे. प्रत्यक्षात साधारण तिप्पट लागायचे. मग वरचे विचारायचे, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का? त्या कटकटीतून दिवस हा शब्द काढला आणि पॉइंट आले. पॉइंट कदाचित आपणच काढले असतील, आणि तसं असेल तर त्याचं वाईट वाटतं, असं जेफ्रीजनी २०१९ मध्ये लिहिलं. हिशेबीसाहेब पॉइंटला सात तास लावून तीच कटकट पुन्हा घरात घेतायत.

टेस्टिंगवाली
मालकांना दोन्ही टक्के देऊच नका. सांगा: पाचपैकी तीन स्टोऱ्या वापरता येतील अशा झाल्या, चौथी टेस्टिंगला आहे, पाचवी या स्प्रिंटमध्ये बसेल असं दिसत नाही, अमुक कारणानं. आणि गेल्या चार-पाच स्प्रिंटना साधारण किती पॉइंट पुरे झाले ते शेजारी ठेवा. त्यावरून पुढची तारीख काढता येते, एका स्प्रिंटवरून नाही.

हिशेबी_माणूस
हे चालेल. क्लायंट मात्र तासच मागणार, बिल त्यावर आहे.

टेस्टिंगवाली
बिलाला तास द्या की, कुणी अडवलंय? फक्त बिलाचा कागद प्रगतीचा म्हणून दाखवू नका.

लूमवाला
आठवाली टेस्टिंगला आहे ना, मग तिचे निम्मे पॉइंट तरी द्या. ४ धरले की ३८ चे ५० टक्के होतात. मालकही खूश.

टेस्टिंगवाली
कोड झाला म्हणून निम्मे? माझ्याकडे स्टोऱ्या येतात नवव्या दिवशी संध्याकाळी, निम्म्या परत जातात. दिलेले पॉइंट तेव्हा परत घेणार का?

जुळे_सोलापूरकर
निम्मे नकोच. पण तेरावाली पुढच्या स्प्रिंटला गेली तर उरलेल्या कामाचाच नवा अंदाज लावावा, समजा ५. नाहीतर पुढचा आकडा फुगतो.

निवांत
अजिबात नाही. पूर्ण १३ च राहू द्या, पुरी होईल तेव्हा मोजा. ५ लावलेत तर ८ पॉइंटचं काम कुठल्याच स्प्रिंटमध्ये दिसणार नाही. चार-पाच स्प्रिंटची सरासरी घ्या, फुगवटा तिथं बसतो.

जुळे_सोलापूरकर
सरासरी बघायला मालक थांबतात कुठं? त्यांना हाच शुक्रवार दिसतो.

हिशेबी_माणूस
मालक इथंच आहेत म्हणून सांगतो, शुक्रवार उद्याच आहे. ५ का १३, तेवढं ठरवून टाका.

निवांत
१३.

जुळे_सोलापूरकर
५.