इन्सेंटिव्हचा तक्ता जुळतोय, मग बँक स्टेटमेंट कशाला काढायचं?

शिरोलीचा हिशोबनीस
शिरोली एमआयडीसीत कॉम्प्रेसर विकणाऱ्या फर्ममध्ये अकाउंट्स बघतो. सेल्सला चौदा जण, गिऱ्हाईक बहुतेक फौंड्रीवाले. इन्सेंटिव्हचा तक्ता सेल्स मॅनेजर करतात, सही करतात आणि आम्ही तो पगारात घालतो. यंदा मालकांनी तपासायला सांगितलं. बेरजा जुळल्या, टक्केही जुळले. मॅनेजर म्हणतात, आता आणखी काय उकरताय? बिलं, पावत्या, बँक स्टेटमेंट एवढं सगळं काढायची खरंच गरज आहे का, की सहीचा तक्ता पुरे?

फॉर्म्युला किंग
पुरे की. चौदाच्या चौदा जणांचा हिशोब स्वतः परत मांडा, फॉर्म्युला कुठं हाताने खोडलाय का ते बघा, संपला विषय. फार तर वसुलीतून जीएसटी वजा केलाय का तेवढं बघा, १८ टक्के काढून टाकायचे. बँकेपर्यंत जाणं म्हणजे आपल्याच माणसांवर संशय घेणं.

लाल पेन्सिल
मी राजारामपुरीत एका सीए ऑफिसात आहे, गेली बारा वर्षं हेच काम करते. फॉर्म्युला परत मांडणं बरोबर आहे, पण त्यातून एवढंच कळतं की तक्त्यातल्या आकड्यांचा गुणाकार बरोबर आहे. ते आकडे कुठून आले, हे तक्ता सांगत नाही.

आणि किंगदादा, १८ टक्के असे वजा होत नाहीत. ४,७२,००० आले तर त्याचे १८ टक्के, म्हणजे ८४,९६०, काढायचे नाहीत. १.१८ ने भागायचं. ४,००,००० विक्री आणि ७२,००० कर. तुमच्या पद्धतीने सेल्सवाल्याचे १२,९६० कमी धरले जातील.

हिशोबनीस, सगळे चौदा जण घेऊ नका. टार्गेटच्या जेमतेम वर गेलेला एक माणूस घ्या आणि दिलेल्या रकमेपासून उलटे जा. रक्कम, मग योजनेचं पत्र, मग टार्गेटचं पत्र, मग प्रत्येक पावती आणि शेवटी बँक. इथे आकडे टाका, नाव नको.

फिरतीवर १६ वर्षं
लाल पेन्सिलताई, तुमच्यासारखी माणसं आली की आमच्या पोटात गोळा येतोय. मशीन आम्ही विकायचं, फौंड्रीच्या दारात चार चार तास आम्ही बसायचं, आणि ऑफिसनं बिलावर पीओ नंबर चुकीचा टाकला म्हणून तिथल्या स्टोअरनं बिल अडवलं की आमचं इन्सेंटिव्ह गेलं. वसुलीवर इन्सेंटिव्ह हीच मुळात चुकीची पद्धत हाय. विक्री झाली त्या दिवशी पैसे द्या.

उद्यमनगरचा मालक
दिले होते भावा. विक्रीवर देत होतो तेव्हा मार्चमध्ये माल जायचा आणि एप्रिलमध्ये निम्मा परत यायचा. ट्रकचं भाडं दोन्ही बाजूंनी माझ्या अंगावर. आता बँकेत जमा झाल्याशिवाय दमडी देत नाही.

पॉलिसीवाला
माझाही हाच प्रॉब्लेम. कमिशनातून टीडीएस कापतात, तो बरोबर आहे का कसं तपासायचं?

लाल पेन्सिल
@पॉलिसीवाला, तुमचं वेगळं आहे, विम्याच्या कमिशनला कलमच निराळं. इथे पगारी नोकर आहेत, त्यांचं इन्सेंटिव्ह पगारातच धरलं जातं. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

शिरोलीचा हिशोबनीस
एक घेतला. जानेवारी ते मार्च. योजनेचं पत्र असं: टार्गेट ६० लाख, जमा झालेली रक्कम जीएसटी सोडून धरायची. ८० टक्क्यांच्या खाली काही नाही. ८० ते १०० च्या मध्ये पूर्ण वसुलीवर १ टक्का. १०० किंवा जास्त झालं तर पूर्ण वसुलीवर दीड टक्का. तक्त्यात वसुली ६१,४०,००० आणि दिले ९२,१००. पावत्या २३.

लाल पेन्सिल
टार्गेटच्या वर फक्त १,४०,०००. म्हणजे एक लाख चाळीस हजारांपेक्षा थोडी जास्त वसुली जरी चुकीची निघाली तरी दर दीडवरून एकवर येतो, आणि तोही सगळ्या रकमेवर. असा माणूस आधी घ्यायचा म्हणते ते यासाठी. २३ पावत्या म्हणजे दुपारचं काम आहे. प्रत्येक पावतीसमोर बँक स्टेटमेंटची तारीख लिहा. आणि मार्चच्या शेवटच्या चार दिवसांतले चेक असतील तर स्टेटमेंट मार्चवर थांबवू नका, एप्रिलचे पंधरा दिवस पण बघा.

शिरोलीचा हिशोबनीस
बघितलं. दोन सापडले.

एका पावतीत ४,७२,००० पूर्ण धरलेत, कर काढलाच नाही. बाकीच्या बावीस पावत्यांत काढलाय. म्हणजे ७२,००० जास्त.

दुसरी ३१ मार्चची, २,३६,००० चा चेक, तक्त्यात २,००,००० धरलेत. चेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत आला. आम्ही उलटी नोंद एप्रिलच्या तारखेला केली, त्यामुळे मार्चचा रिपोर्ट आज काढला तरी त्यात तो चेक जमाच दिसतो!

दोन्ही काढले की वसुली ५८,६८,०००. टार्गेटच्या ९७.८ टक्के. १ टक्क्याने ५८,६८०. म्हणजे ३३,४२० जास्त गेले.

फॉर्म्युला किंग
भागाकाराचं मान्य, चुकलो. पण वसुलीतला फरक पाच टक्क्यांच्याही आत आणि इन्सेंटिव्ह एक तृतीयांशाहून जास्त खाली? ही तर योजनाच वेड्यासारखी बांधलीय.

उद्यमनगरचा मालक
बघा! ह्याला म्हणतात मुरलेला सेल्समन. परत येणारा चेक बरोबर ३१ तारखेलाच मिळतो.

फिरतीवर १६ वर्षं
ओ मालक, चेक त्यानं छापला व्हय? गिऱ्हाईकानं दिला, त्यानं आणून भरला. हिशोबनीस साहेब, ते पैसे पुढं आले का न्हाईत ते सांगा की.

शिरोलीचा हिशोबनीस
आले. एप्रिलमध्येच आरटीजीएसने, पूर्ण २,३६,०००.

फिरतीवर १६ वर्षं
मग? चोर कोण ठरला?

लाल पेन्सिल
चोर कुणीच नाही, पण पैसे एप्रिलचे आहेत, ते एप्रिल-जूनमध्ये मोजायचे. आता खरा प्रश्न: एप्रिल-जूनचा तक्ता निघाला असेल, तर त्यात ते २,००,००० परत आलेत का? पावतीवरून शोधाल तर सापडणार नाहीत, कारण पावत्या दोन आहेत, दोन्ही खऱ्या, नंबर वेगवेगळे. बिल मात्र एकच. दोन्ही तिमाह्यांचे तक्ते एकाखाली एक ठेवा, बी रकान्यात बिल नंबर, एफ रकान्यात धरलेली वसुली, आणि शेजारी

```
=SUMIF(B:B,B2,F:F)
```

ही बेरीज बिलाच्या मूळ किमतीपेक्षा जास्त आली की ते बिल दोनदा मोजलं गेलंय. माल परत आल्याची क्रेडिट नोट असेल तर ती बिलातून आधी वजा करा.

शिरोलीचा हिशोबनीस
ताई, बिल २,००,००० चं, बेरीज ४,००,०००. दोन्हीकडे मोजलंय. आणि हे मॅनेजरच्याही लक्षात आलं नव्हतं, त्यांनी दोन्ही वेळा सिस्टिममधून पावत्यांचा रिपोर्ट काढला आणि चिकटवला. खरं सांगायचं तर उलटी नोंद करणारा मीच.

फिरतीवर १६ वर्षं
एक विचारतो ताई. तुमची लाल पेन्सिल कायम जास्त दिलेलंच शोधती का? कमी दिलेलं कोण शोधणार? मागल्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाईकानं एनईएफटी केलं, बिल नंबर लिहिला नव्हता. अकाउंट्सवाल्यांनी ते 'ऑन अकाउंट' टाकून ठेवलं आणि विसरले. माझ्या वसुलीत ते धरलंच न्हाई. पाच महिने भांडलो.

लाल पेन्सिल
बरोबर बोललात, आणि मी ते आधीच सांगायला हवं होतं. दिलेल्या रकमेपासून उलटं गेलं की फक्त जास्तीचं सापडतं. कमी दिलेलं शोधायचं तर बँकेपासून सुरुवात करून तक्त्याकडे यायचं. हिशोबनीस, त्याच माणसाच्या गिऱ्हाईकांच्या खात्यात कुठल्याही बिलाला न जोडलेली जमा पडलीय का बघा, जानेवारी ते मार्चमधली.

उद्यमनगरचा मालक
आता काय, पैसे परत द्यायला शोधायचे?

लाल पेन्सिल
हो.

शिरोलीचा हिशोबनीस
निघाली एक. २७ मार्च, १,७७,०००, एनईएफटी. जीएसटी काढून १,५०,०००. गिऱ्हाईक त्याचंच.

म्हणजे ५८,६८,००० अधिक १,५०,०००, ६०,१८,०००. टार्गेट पार! दीड टक्क्याने ९०,२७०. त्या तिमाहीत जास्त गेले फक्त १,८३०. काल संध्याकाळी मी ३३,४२० चा कागद मालकांच्या टेबलावर ठेवून आलो होतो, सकाळी नऊच्या आत जाऊन उचलला.

फिरतीवर १६ वर्षं
आता कसं! त्या पोराला एक तांबडा-पांढरा लागू झाला.

लाल पेन्सिल
थांबा. ती १,७७,००० कशापोटी आली? त्या गिऱ्हाईकाचं थकलेलं बिल होतं, की नव्या मशीनचा ॲडव्हान्स? ॲडव्हान्स असेल तर तुमच्या योजनेत तो वसुलीत धरतात का? पत्रातलं वाक्य वाचा, मॅनेजरला विचारू नका.

शिरोलीचा हिशोबनीस
ॲडव्हान्स नाही. जुन्या बिलाचीच रक्कम आहे, पैशापैशाने जुळते. पण ते बिल आधीच्या सेल्समनच्या काळातलं. तो गेल्या दिवाळीत सोडून गेला, त्याची गिऱ्हाईकं ह्याला दिली. पत्रात लिहिलंय, 'आपल्या गिऱ्हाईकांकडून जमा झालेली रक्कम'. विक्री कोणी केली यावर एक अक्षर नाही.

उद्यमनगरचा मालक
दुसऱ्याच्या विक्रीवर ह्याला कशाला? माझ्याकडे असतं तर दिलं नसतं.

फिरतीवर १६ वर्षं
पण वसूल कुणी केलं? इन्सेंटिव्ह विक्रीवर न्हाई, वसुलीवर, असं तुम्हीच वर लिवलंय की मालक.

फॉर्म्युला किंग
आणखी एक. टार्गेट ६० लाख हे सुरुवातीपासूनच होतं का? आमच्याकडे मार्चमध्ये टार्गेटं 'दुरुस्त' होतात.

शिरोलीचा हिशोबनीस
नाही हो. जानेवारीत ६५ होतं. हातकणंगलेचा भाग त्याच्याकडून काढला म्हणून ६० केलं. पत्रावर तारीख ३ फेब्रुवारी.

लाल पेन्सिल
६५ धरलं तर वरची सगळी झटापट फुकट, कशीही वसुली मोजा, १ टक्काच. म्हणून त्या पत्राची तारीख फार महत्त्वाची. पत्र ज्या मेलला जोडून आलं तो मेल उघडा, त्याची तारीख बघा. आणि हातकणंगलेची बिलं दुसऱ्याच्या नावावर कधीपासून निघायला लागली तेही बघा.

शिरोलीचा हिशोबनीस
बिलं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्याच्या नावावर आहेत, म्हणजे भाग खरंच काढला होता. पण मेल २८ मार्चचा आहे.

फिरतीवर १६ वर्षं
भाग काढला तर टार्गेट उतरायलाच पायजे. पत्र टायपायला उशीर झाला, तो त्या पोराचा गुन्हा न्हाई.

लाल पेन्सिल
उतरायला हवं, हे मान्य. पाच लाखांनीच का, हे २८ मार्चला ठरलं असेल तर वसुली कुठवर आलीय ते बघून ठरलं की काय, अशी शंका राहते. हातकणंगलेची गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीची वसुली काढा. ती पाचच्या आसपास असेल तर मी माझ्या रिपोर्टात 'उशिरा कळवलं' एवढंच लिहीन. दोन असेल तर वेगळं लिहीन.

शिरोलीचा हिशोबनीस
सोमवारी काढतो. गेल्या वर्षीचा डेटा दुसऱ्या कंपनी फाइलमध्ये आहे आणि त्याचा पासवर्ड मॅनेजरकडे.