छोट्या बंद बाथरूममध्ये गॅस गीझर: नवीन कोणता घ्यावा?

सकाळची_घाई: बाथरूम पाच बाय चार, उंची आठ फूट. गीझर आतच भिंतीवर आहे, वर धुराची नळी नाही. खिडकीच्या पट्ट्यांवर थंडीमुळे प्लास्टिक लावलंय, एक्झॉस्ट फॅन आहे. परवा आई अंघोळ करून आली ती डोकं धरूनच, मळमळतही होतं. गीझरच्या वरच्या टाइल्स काळ्या पडल्यात. बजेट बेताचं आहे. छोटा, चांगला गीझर सुचवा.

गरम_पाणी: बजेट थोडं वाढवा आणि डिजिटलवाला घ्या. आमचा तीन वर्षं चालतोय, वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो.

जुनाखेळाडू: सेल बदलून बघा. आमचाही पेटताना टकटक करायचा.

सकाळची_घाई: पेटतो व्यवस्थित. सुरुवातीला ज्योत निळी असते, सहा-सात मिनिटांनी पिवळी होऊन वर लवलवायला लागते.

बर्नरवाला: ताई, आधी एक सांगा. पिवळी झाल्यावर दार उघडलं की परत निळी होते का?

गरम_पाणी: पिवळी म्हणजे बर्नरमध्ये कचरा. ब्रशने साफ करा, संपला विषय.

सकाळची_घाई: हो, काल दार उघडं टाकून पाहिलं. मिनिटभरात निळी झाली.

बर्नरवाला: मग दोष गीझरच्या आधी खोलीत आहे. कचऱ्याची ज्योत पहिल्या क्षणापासून पिवळी असते. तुमची हवा संपत आल्यावर पिवळी होते. हिशोब बघा. तुमच्या खोलीत साधारण साडेचार घनमीटर हवा. सहा लिटरचा गीझर पंधरा मिनिटांत दोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, त्याला जवळजवळ अडीच घनमीटर हवा लागते. म्हणजे निम्म्याहून जास्त. शिवाय जळलेला वायू नळी नसल्यामुळे आतच राहतो आणि बर्नर तोच परत ओढतो. ऑक्सिजन थोडा जरी उतरला तरी कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय लुळे पडतात आणि कडी काढायलाही जमत नाही. आईंना जे झालं ते तेच असू शकतं. डॉक्टरांना दाखवताना गीझरचा उल्लेख नक्की करा. आणि वीस मिनिटांचा टायमर इथे कामाचा नाही, त्रास त्याच्या आधीच सुरू होतो.

शांतनदी: माझ्या मावशीच्या घरी असंच झालं होतं. दार तोडून बाहेर काढलं, वाचली. तेव्हापासून आमच्याकडे फक्त विजेचा. तुम्हीही तोच घ्या.

पाटीपेन्सिल: हा वायू जड असतो, खाली साचतो. दाराखाली फट ठेवा, पुरे.

बर्नरवाला: जड असतो तो सिलिंडरमधला गॅस. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच, गरम असताना वर जातो आणि सगळीकडे मिसळतो. दाराखालची फट हवीच, पण ती ताजी हवा आत यायला. जळलेला वायू बाहेर न्यायला नळी वेगळी.

गरम_पाणी: एक्झॉस्ट फॅन आहे ना त्यांच्याकडे!

बर्नरवाला: आत हवा यायला वाट नसेल तर नळीवाल्या गीझरमध्ये फॅन उलटं करतो, नळीतून जळलेला वायूच खाली ओढतो. तपासायला गीझर पेटवून, फॅन लावून, नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. दार बंद असू द्या, पण आत दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. धूर नळीत ओढला गेला तर ठीक. नळीतून खोलीत फेकला गेला तर गीझर वापरायचा नाही. नळी आधी सरळ वर, मग बाहेर, कुठेही अरुंद न करता. शेजाऱ्याची खिडकी असलेल्या डक्टमध्ये सोडू नका.

पाटीपेन्सिल: म्हणजे निळी ज्योत असली की बिनधास्त?

बर्नरवाला: नाही. पिवळी ज्योत, काजळी, डोळे चुरचुरणं, भिंतींवर नेहमीपेक्षा जास्त पाणी साठणं, या धोक्याच्या खुणा. पण निळ्या ज्योतीतही हा वायू असू शकतो, म्हणून वाऱ्याची वाट हवीच.

शांतनदी: पुन्हा सांगते, विजेचा.

सकाळची_घाई: सगळ्यांचं वाचलं. ना नवा घेतेय, ना विजेचा. प्लास्टिक आजच काढलं. आई डॉक्टरांकडे जाऊन आली. आता हाच गीझर मागच्या गॅलरीत लावून पाण्याची पाइप आत घेणार. तोवर पाणी चुलीवर.

बर्नरवाला: विचार चांगला, पण आधी बर्नरच्या वर पाणी तापवणारे पातळ पत्रे असतात, त्या फिन्सवरची काजळी कारागिराकडून साफ करून घ्या, नाहीतर बाहेरही तीच ज्योत. वारा थेट बर्नरवर आला तर विझेल. आणि बाथरूमची खिडकी त्याच गॅलरीत उघडते का?

सकाळची_घाई: हो, गीझर अगदी तिच्याखालीच बसेल असं वाटतंय.

बर्नरवाला: मग तिथे नको. दुसरं टोक बघा, फोटो टाका.