‘फ्रोंताले सुल्ला स्ताताले’ : या मथळ्याचं मराठी काय करावं?

नंदिनी
एका साप्ताहिक बातमीपत्रासाठी मी इटालियन बातम्यांचे मथळे मराठीत आणि इंग्रजीत करून देते. लेख समजतो, मथळ्याशी मात्र अडते. आजचा मथळा एका स्थानिक दैनिकातला आहे: ‘फ्रोंताले सुल्ला स्ताताले, ग्रावे उन चेन्तौरो’. क्रियापद कुठेच नाही. कोश उघडला तर फ्रोंताले म्हणजे समोरचा, स्ताताले म्हणजे राज्याचा, ग्रावे म्हणजे गंभीर आणि चेन्तौरो म्हणजे ग्रीक पुराणातला तो अर्धा माणूस, अर्धा घोडा. त्यावरून माझं मराठी झालं, ‘राज्य महामार्गावर समोरासमोर, एक नराश्व गंभीर’. स्वतःच हसले आणि इथे आले.

अप्पा
अगं, सोपं आहे. इटालियन मथळा म्हणजे तार. तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून सगळी आर्टिकलं गाळायची. इंग्रजी करताना प्रत्येक नामामागे ‘द’ लाव, मराठीत तर आर्टिकल नाहीच, म्हणजे काही करायलाच नको. नामाचं क्रियापद कर, झालं काम.

वसुधा
अप्पा, तारेचं ठीक आहे, पण ‘सगळी’ कुठे गाळलीत? ‘उन’ समोर दिसतंय. आणि ‘सुल्ला’मध्ये ‘ला’ लपलाय, सु अधिक ला. शब्दयोगी अव्ययाला चिकटलेलं आर्टिकल बहुतेक वेळा राहतंच. गेलंय ते फक्त पहिल्या नामाचं. नंदिनी, तू आधी हेच बघ, कुठलं गेलं आणि कुठलं राहिलं.

‘फ्रोंताले’ला आर्टिकल नाही, कारण ते बातमीचं लेबल आहे. मुळात ते विशेषण. ‘स्कोन्त्रो फ्रोंताले’, म्हणजे समोरासमोरची टक्कर, त्यातली टक्करच गाळून टाकलीय. ‘स्ताताले’ला ‘ला’ आहे, कारण त्या गावच्या वाचकाला ‘आपला तो हायवे’ कुठला हे सांगावं लागत नाही. आणि ‘उन चेन्तौरो’, कारण तो कोण हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

आता तुझा नराश्व. इटालियन पत्रकार मोटरसायकलवाल्याला सर्रास चेन्तौरो म्हणतात, कमरेखाली घोड्याऐवजी यंत्र. आपल्याकडे ‘दुचाकीस्वार’ तयारच आहे, आणि त्यातल्या ‘स्वारा’त घोडा अजून शिल्लक आहे! इंग्रजीत मात्र हा गोडवा जातो, तिथे ‘बायकर’ किंवा ‘मोटरसायकलिस्ट’.

नंदिनी
वसुधाताई, म्हणजे ‘राज्य महामार्गावर समोरासमोर धडक, एक दुचाकीस्वार गंभीर’?

वसुधा
दोन दुरुस्त्या. पहिली, ‘स्तातो’ म्हणजे देश या अर्थाचं राज्य. स्तातालेच्या खालच्या पायरीवर प्रांताचे आणि कोमूनेचे, म्हणजे नगरपालिकेचे, रस्ते येतात. आपल्या वाचकाला ‘राज्य महामार्ग’ म्हटलं की महाराष्ट्र शासनाचा रस्ता दिसतो. इंग्रजीत ‘स्टेट हायवे’ लिहिलंस तर भारतातला वाचक तिथेही फसेल. मथळ्यात नुसतं ‘महामार्गावर’ पुरे, रस्त्याचा क्रमांक बातमीत येईलच.

दुसरी, ‘एक’ काढ. इटालियन ‘उन’ म्हणजे ‘कुणी एक’. मराठी मथळ्यातला ‘एक’ मोजणीचा असतो, ‘दोन ठार, एक गंभीर’. तो ठेवलास तर वाचक ठार किती ते शोधत बसेल.

‘महामार्गावर समोरासमोर धडक, दुचाकीस्वार गंभीर’. मूळ मथळ्यात क्रियापद नाही, यातही नाही, आणि आपल्या दैनिकात तो कोणाला खटकणार नाही. इंग्रजीत ‘बायकर सीरियसली हर्ट इन हेड-ऑन क्रॅश’. अप्पांचा ‘द’ तिथेही नाही, इंग्रजी मथळेही आर्टिकल खातात. मात्र त्यांना ‘हर्ट’सारखं काहीतरी क्रियावाचक लागतं.

आणि ‘कारची धडक’ असं स्वतःहून लिहू नकोस. नामानं बातमी दिली की कोण कोणाला धडकलं हे झाकलेलं राहतं. समोर कार असेल, ट्रॅक्टर असेल, दुसरी मोटरसायकलही असेल.

अप्पा
बरं, ‘सगळी’ मागे घेतो. पण पहिल्या नामाचं आर्टिकल गेलं म्हणून कधी अर्थ अडलाय का? एक उदाहरण दाखवा.

वसुधा
तुमच्याच ‘स्तातालें’चं घ्या. अनेकवचन ‘स्ताताली’. ‘ले स्ताताली’ म्हणजे महामार्ग, ‘ल्यी स्ताताली’ म्हणजे सरकारी कर्मचारी. आर्टिकल काढलं की दोन्ही सारखेच. आता मी रचलेला मथळा बघा: ‘स्ताताली, इन अर्रीव्हो नुओव्ही फोन्दी’, म्हणजे नवा निधी येतोय. पगारासाठी की खड्ड्यांसाठी?

रेणू
मी तोरीनोत राहते. माझे सहकारी बहुतेक कर्मचारीच समजतील, कारण स्वल्पविरामाआधी एकटा ‘स्ताताली’ आला की पुढे पगार, करार नाहीतर संप असतो. पण पैज लावणार नाही.

सावियो
मी मडगावचा. इटालियन येत नाही, पण घरात पोर्तुगीज होतं, त्यामुळे अंदाज बांधतो. मध्यंतरी ‘पोन्ते देल व्हेन्तिचिंक्वे अप्रीले, कोदे सुल्ला सेई’ असा मथळा दिसला. पोन्ते म्हणजे पूल, २५ एप्रिल म्हणजे लिस्बनचा तेजो नदीवरचा पूल. १९७४च्या क्रांतीनंतर त्याला हेच नाव दिलं. इटलीच्या पेपरात लिस्बनची वाहतूककोंडी कशाला, हे मला कळलं नाही. आर्टिकलचा घोळ असेल का?

रेणू
सावियोबाब, पूल तुमचा खरा, पण बातमीतला नव्हे! २५ एप्रिल ही इकडे मुक्तिदिनाची सुट्टी. ती २०२४मध्ये गुरुवारी आली होती. मधला शुक्रवार रजा टाकली की चार दिवस सलग, त्या जोडून घेतलेल्या सुट्टीला ‘पोन्ते’ म्हणतात. ‘सेई’ म्हणजे ए-६, तोरीनोहून साव्होनाला समुद्राकडे जाणारा. ‘कोदे’ म्हणजे गाड्यांच्या रांगा. त्या रांगेत मीही होते. मराठीत ‘सलग सुट्ट्यांमुळे ए-६वर रांगा’.

वसुधा
रेणू, ‘मुळे’ तू घातलास. मूळ मथळ्यात स्वल्पविराम आहे, कारण नाही.

रेणू
घातला, आणि ठेवणार. मराठीत ‘सलग सुट्ट्या, ए-६वर रांगा’ हेही चालेल, पण माझ्या आईला कळायला हवं ना.

नंदिनी
आणखी एक अडकलंय: ‘इन्व्हेस्तीता सुल्ले स्त्रीशे, ए ग्रावे’. पहिल्यांदा मला गुंतवणुकीची बातमी वाटली. ‘स्त्रीशे’ म्हणजे झेब्रा क्रॉसिंग कळल्यावर उलगडलं, की गाडीनं कोणालातरी उडवलंय. कर्ता नाही, कर्म नाही, पण शेवटच्या ‘ता’वरून ती बाई आहे हे कळतं. मी ‘झेब्रा क्रॉसिंगवर गाडीची धडक, महिला गंभीर’ केलंय. इंग्रजीतही ‘वुमन’.

वसुधा
‘ता’ स्त्रीलिंग सांगतो, वय नाही. ‘महिला’ म्हटलंस की वयही सांगितलंस. पहिला परिच्छेद वाचलास का?

अप्पा
‘धडकेत गंभीर जखमी झाली’ लिहा की. मराठी क्रियापदातही लिंग आहे, इंग्रजीला नाही ते सुख आपल्याला आहे.

वसुधा
मस्त सुचवलंत, पण कर्त्याशिवाय ‘झाली’ वाचलं की वाटतं, आधीची ओळ छापायची राहून गेली. इटालियन वाचकाला ती सवय आहे, आपल्याला नाही. माझंही यावर नक्की ठरत नाही.

नंदिनी
परिच्छेद वाचला. ‘ऊना त्रेदिचेन्ने’, तेरा वर्षांची. ‘महिला’ खोडलं, ‘मुलगी’ केलं. ‘१३ वर्षीय’ घातलं तर मथळा दुसऱ्या ओळीत जातो, संपादक झेब्रा क्रॉसिंग काढा म्हणतायत.