टीडीची दुसरी सुई आत्ताच घ्यावी, की डांग्या खोकल्याच्या लसीसाठी थांबावं?

कराडची_सून: जाऊबाई गरोदर आहेत. शेवटची पाळी १ मार्चची, आज २ ऑगस्ट, म्हणजे २२ आठवडे झाले. थोरला मुलगा पाच वर्षांचा. उपकेंद्रात १० मेला टीडीची पहिली सुई झाली, दुसरी राहून गेली. आशाताई म्हणतात दुसरी लगेच घ्या. कराडचे डॉक्टर म्हणतात थांबा, २८व्या आठवड्यात तिच्याजागी टीडॅप देऊ. सासूबाईंना वाटतं इतक्या सुया पोटातल्या बाळाला झेपणार नाहीत. कुणाचं ऐकावं?

पाटणची_सिस्टर: आशाताईंचं. दोन टीडींमध्ये चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणजे दुसरी ७ जूनलाच द्यायची होती. थोरला पाच वर्षांचा, त्यामुळे मागच्या बाळंतपणातल्या सुया धरता येत नाहीत. तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असते तर एका बूस्टरवर भागलं असतं. एकाच सुईवर धनुर्वातापासून भरवशाचं संरक्षण मिळत नाही, आणि दुसरी बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी तरी अंगात गेलेली हवी. २८व्या आठवड्याची वाट बघायची आणि ३०व्यात कळा आल्या तर? भारतातून आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटला असं २०१५ मध्ये जाहीर झालं, ते या साध्या, फुकट मिळणाऱ्या सुईमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे.

मिरज_बालरोग: सिस्टरांचं धनुर्वाताबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण टीडीत डांग्या खोकल्याचा भाग नाही आणि डॉक्टरांचा रोख तिकडे आहे. टीडॅपमध्ये धनुर्वात आणि घटसर्प आहेतच, शिवाय डांग्या खोकल्याचा भाग आहे. म्हणून तिला दुसऱ्या टीडीच्या जागी धरता येतं.

तारखा मांडून बघा. बाळंतपणाची तारीख ६ डिसेंबरच्या आसपास येते. बाळाला डांग्या खोकल्याची स्वतःची लस पेंटाव्हॅलंटमधून मिळते; पहिली दीड महिन्याला, म्हणजे १७ जानेवारीला, आणि तिसरी १४ मार्चला. डांग्या खोकल्याने सर्वात जास्त बाळं दगावतात ती याच पहिल्या दोन-तीन महिन्यांत. इतक्या लहान बाळात तो ओळखूही येत नाही. मोठ्या मुलासारखी ढास लागून शेवटी ‘हूप’ आवाज येईलच असं नाही. बाळ अंगावर प्यायचं सोडतं, मध्येच श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. या काळात त्याच्याजवळ आईकडून आलेल्या प्रतिपिंडांशिवाय दुसरं काही नसतं.

ती प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, पण सगळे नऊ महिने सारखी नाही. खरा ओघ शेवटच्या तीन महिन्यांत असतो. आईच्या अंगात ती तयार व्हायला सुईनंतर साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढे काही महिन्यांत ओसरू लागतात. म्हणून २७ ते ३६ आठवडे, त्यातही सुरुवातीचे. जाऊबाईंसाठी हा काळ ६ सप्टेंबर ते ८ नोव्हेंबर. १३ सप्टेंबरला २८ आठवडे भरतील, तेव्हा घेतली तर बाळाला बारा आठवडे मिळतात. ८ नोव्हेंबरला घेतली तर जेमतेम चार, आणि बाळ लवकर आलं तर तेवढेही नाहीत.

वाई_४१२: आमच्या घरी पहिल्या बाळाच्या वेळी टीडॅप झालीय. दुसऱ्या वेळी परत लागत नाही, एकदा घेतली की दहा वर्षं पुरते.

मिरज_बालरोग: दहा वर्षांचा हिशेब एरवी मोठ्या माणसाच्या धनुर्वात-घटसर्पाच्या बूस्टरसाठी आहे. इथे प्रश्न बाळाला किती मिळतं याचा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या सुईची डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिपिंडं आईच्या रक्तात आता इतकी कमी झालेली असतात की बाळाच्या वाट्याला फारसं येत नाही. म्हणून प्रत्येक गरोदरपणात नव्याने. इंग्लंडमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याने १४ तान्ही बाळं गेली आणि त्याच वर्षी गरोदर बायकांना ही लस सुरू झाली. पुढे तीन महिन्यांखालच्या बाळांत तिचा उपयोग ९० टक्क्यांच्या आसपास दिसला.

तासगाव_माहेर: थोडं वेगळं विचारते. मला चौथा महिना आहे आणि थोरलीला दीड वर्षाची गोवर-रुबेलाची सुई द्यायचीय. ती जिवंत लस असते ना? घरात नको म्हणून पुढे ढकलली आहे.

पाटणची_सिस्टर: ढकलू नका ताई, या सत्रालाच द्या. गोवर-रुबेलाचा लसीतला विषाणू सुई घेतलेल्या मुलापासून आईला लागत नाही. थोरलीला खराखुरा रुबेला झाला तर तो मात्र तुमच्यापर्यंत येईल.

मिरज_बालरोग: यात सासूबाईंच्या शंकेचंही उत्तर आहे. जिवंत लसीतला विषाणू दुबळा केलेला असला तरी अंगात वाढतो, तेव्हाच ती काम करते. तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो, म्हणून गोवर-रुबेला, कांजिण्या आणि नाकात मारायची फ्लूची लस गरोदरपणात देत नाहीत. बाहेरून आलेल्या रुबेलाने पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या डोळ्यांना, हृदयाला आणि कानांना काय होतं ते माहीत असल्यामुळे इथे धोका पत्करायचा नसतो. सुई घेतली असेल तर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

पण दिवस गेल्याचं माहीत नसताना रुबेलाची सुई झाली म्हणून गर्भ पाडायला निघू नका. तशा बायका वर्षानुवर्षं तपासल्या गेल्या, लसीमुळे बाळाला रुबेलाचं व्यंग आल्याचं आढळलेलं नाही. टीडी आणि टीडॅपमध्ये जिवंत काहीच नसतं, वाढणार काय? दंडातली फ्लूची सुईही मृत विषाणूची. ती घ्या, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. आणि कुत्रं चावलं तर ‘पोटुशी आहे’ म्हणून रेबीजची सुई थांबवायची नाही, तीही मृतच.

सांगली_मेडिकल: टीडॅप सरकारी दवाखान्यात मिळत नाही, बाहेर हजाराच्या वर जाते. सांगलीहून गावी नेणार असाल तर बर्फात दाबून नेऊ नका. या लसीला २ ते ८ अंश लागतात आणि गोठली की ती वाया गेली. थिजलेल्या आइसपॅकला खोका चिकटला तरी गोठू शकते. मधे कापड किंवा पुठ्ठा घाला. दवाखान्यात हलवूनही तळाशी कण किंवा गुठळ्या राहिल्या तर टोचून घेऊ नका. त्यापेक्षा जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घेतलेली बरी.

पाटणची_सिस्टर: हजाराची सुई रोजावर जाणाऱ्या बाईला सांगायची आणि तिच्यासाठी फुकटची अडवायची, हे मला पटत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरून बाई माहेरी जाते, कार्ड इथेच राहतं आणि दुसरी सुई कुणीच देत नाही.

मिरज_बालरोग: जिचं १३ सप्टेंबरला येणं नक्की नाही, तिने आज टीडी घ्यावी, हे मान्य. नंतर टीडॅपही घेता येते. दोन्हींत थोडं अंतर असलं तरी चालतं, दंड जरा जास्त सुजेल इतकंच. जी नक्की येणार आणि जिला परवडतं, तिला मी एकच सुई सांगेन.

पाटणची_सिस्टर: ‘नक्की येणार’ हे सातव्या महिन्यात कोण सांगणार? मी तरी समोर आलेल्या बाईला टीडी देऊनच पाठवेन.

कराडची_सून: जाऊबाईंचं माहेर विट्याजवळ, ओटीभरण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मग उद्या उपकेंद्रात टीडी घेतो. टीडॅप विट्यात कुठे टोचतात ते आधी विचारून ठेवते, कार्डही त्यांच्याबरोबर देते. फ्लूची सुई टीडॅपबरोबर एकाच दिवशी चालेल का?

मिरज_बालरोग: चालेल. एक या दंडात, एक त्या दंडात. आणि दोन्हींची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या, खाजगीत ती बऱ्याचदा लिहिलीच जात नाही.